विहीर ओढ्यापलीकडे कशी गेली?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत भारतीय सर्वेक्षण विभागाची एक जुनी टोपोशीट सापडली. एका मैलाला एक इंच हे प्रमाण, क्रमांक ४७ एफ/१५. खेड शिवापूरच्या बाजूची आमची जुनी विहीर तिच्यावर दाखवलेली आहे. पट्टी लावून मी तिचे अक्षांश-रेखांश काढले : उत्तर १८ अंश २० मिनिटे, पूर्व ७३ अंश ५० मिनिटे. तेच आकडे मोबाइलमध्ये घातले, तर टाचणी पडली ओढ्यापलीकडे, दुसऱ्याच्या उसात. विहीर आजही जागेवर आहे, तिचं पाणी आम्ही पितो. मग चुकलं कोण? नकाशा, मोबाइल की मी?

उत्तर : तिघांपैकी कोणीच नाही, आणि यातच खरी गंमत आहे. तुम्ही आकडे नीट वाचले आहेत, सर्वेक्षकाने विहीर नीट टिपली आहे आणि मोबाइलने तुम्ही सांगितलेल्या जागीच टाचणी रोवली आहे. फक्त नकाशाचं ‘१८ अंश २० मिनिटे’ आणि मोबाइलचं ‘१८ अंश २० मिनिटे’ ही जमिनीवरची एकच जागा नाही. दोघे वेगवेगळ्या पायापासून मोजतात. त्या पायाला डेटम म्हणतात.

आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं की अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीला जन्मजात चिकटलेला पत्ता. तसं नसतं. पृथ्वी खडबडीत आहे, डोंगरदऱ्यांची आहे; तिच्यावर थेट गणित करता येत नाही. म्हणून सर्वेक्षक आधी एक गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपटा असा कल्पित गोल ठरवतात आणि सगळे अंश-कला त्या गोलावर मोजतात. आता हा गोल केवढा घ्यायचा आणि त्याचं केंद्र नेमकं कुठे ठेवायचं, हे माणसाने ठरवायचं असतं. हे दोन निर्णय बदलले की विहीर न हलता तिचे आकडे बदलतात.

तुमच्या टोपोशीटचा गोल जॉर्ज एव्हरेस्ट यांचा आहे, १८३० सालचा. (होय, शिखराला ज्यांचं नाव दिलं तेच हे एव्हरेस्ट.) दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी नेत जी मोजणी झाली, तिच्या आधारावर त्यांनी भारताला नीट बसेल असा गोल काढला. मोजणीचा मूळ बिंदू धरला मध्य प्रदेशात सिरोंजजवळ, कल्याणपूरच्या टेकडीवर. म्हणून आपल्या जुन्या डेटमला कल्याणपूर डेटम म्हणतात. बोलीत लोक नुसतं ‘एव्हरेस्ट’ म्हणून भागवतात. मोबाइलचा गोल त्यामानाने अगदी अलीकडचा, उपग्रहांच्या जमान्यातला. पडद्यावर त्याचं नाव `WGS 84` असं दिसतं.

या दोन गोलांत फरक किती? विषुववृत्तापाशी एव्हरेस्टच्या गोलाची त्रिज्या मोबाइलच्या गोलाहून सुमारे ८३६ मीटरने कमी आहे. म्हणजे तो लहान आहे. आता लहान गोल पृथ्वीच्या मध्यावर ठेवला, तर तो भारताखाली जवळजवळ एक किलोमीटर खोल राहील. पण एव्हरेस्ट यांना तर तो भारताच्या पृष्ठभागाशी जुळवायचा होता. त्यांच्याकडे उपग्रह नव्हते. पृथ्वीचं केंद्र नेमकं कुठे आहे हे कळण्याची सोयच नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. त्यांनी गोल भारताशी जुळवला आणि त्याचं केंद्र जिथे गेलं तिथे जाऊ दिलं. मोठ्या पातेल्यात लहान पातेलं ठेवून ते एका अंगाला सरकवलं, तर त्या अंगाला दोन्हींच्या कडा अगदी चिकटतात आणि समोरच्या अंगाला फट दुप्पट होते. तसंच काहीसं इथे झालं.

पुढे उपग्रहांमुळे पृथ्वीचं केंद्र सापडलं, तेव्हा एव्हरेस्टच्या गोलाचं केंद्र त्यापासून किती दूर आहे हे मोजता आलं. भारतासाठी वापरतात ते तीन आकडे असे : एका अक्षावर २९५ मीटर, दुसऱ्यावर ७३६, तिसऱ्यावर २५७. तिन्हींचा मिळून एकूण सरक होतो सुमारे ८३३ मीटर. आणि दिशा? केंद्रातून त्या दिशेने रेघ ओढली, तर ती पृष्ठभागाला उत्तर १८ अंश, पूर्व ६८ अंश यांच्या आसपास छेदते, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात. थोडक्यात, ८३६ मीटरने लहान असलेला गोल जवळजवळ तेवढाच भारताच्या बाजूला ढकललेला आहे. नुसत्या साखळ्या, कोनमापकं आणि ताऱ्यांचे वेध यांच्या बळावर त्या लोकांनी गोल इतका चपखल बसवला, याचं मला तरी राहून राहून कौतुक वाटतं.

आता तुम्ही विचाराल, केंद्र ८३३ मीटर सरकलेलं असताना माझी विहीर फक्त ओढ्यापलीकडे गेली, पाऊण किलोमीटर का नाही? कारण सरक मुख्यतः तुमच्या पायाखालच्या दिशेने, म्हणजे वर-खाली आहे. ज्या जागी रेघ पृष्ठभागाला छेदते तिथे तर तो पूर्णपणे उभा आहे. तिथे रेखांशात फरक पडतच नाही. तिथून बाजूला जावं तसा सरकाचा थोडा थोडा भाग आडवा होऊ लागतो, आणि नकाशावर आपल्याला दिसतो तो एवढा आडवा भागच. गोलांचा चपटेपणाही थोडा वेगळा आहे. तुमच्या भागातला उत्तर-दक्षिण फरक तर जवळजवळ सगळा त्यातूनच येतो.

तुमच्या विहिरीचाच हिशोब करू. वरचे तीन आकडे आणि दोन्ही गोलांची मापं सूत्रात घातली, की कळतं : त्याच विहिरीचा अक्षांश मोबाइलच्या डेटममध्ये सुमारे ३.४ सेकंदांनी जास्त आणि रेखांश सुमारे २.७ सेकंदांनी कमी भरतो. म्हणजे मोबाइलमध्ये घालायला हवे होते उत्तर १८ अंश २० मिनिटे ३.४ सेकंद आणि पूर्व ७३ अंश ४९ मिनिटे ५७.३ सेकंद. आपल्याकडे अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण ३०.७ मीटर असतो आणि रेखांशाचा २९.४ मीटर. तुम्ही दुरुस्ती न करता आकडे घातलेत, म्हणून टाचणी खऱ्या विहिरीच्या १०५ मीटर दक्षिणेला आणि ७८ मीटर पूर्वेला पडली. सरळ रेषेत १३० मीटर, आग्नेयेला. तुमचा ओढा विहिरीच्या आग्नेयेलाच असणार.

‘तीन सेकंद म्हणजे काय, पट्टी लावताना एवढा फरक व्हायचाच’ असंही कोणी म्हणेल. तुमच्या टोपोशीटवर एक सेकंद म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. बारीक टोकाची पेन्सिल आणि चांगली पट्टी असेल, तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. एकूण १३० मीटर म्हणजे तुमच्या कागदावर दोन मिलिमीटर. हा फरक हाताच्या चुकीत दडण्याइतका लहान नाही.

पण हात चुकला की डेटम चुकला, हे ओळखायचं कसं? एका विहिरीवरून ठरवू नका. त्याच टोपोशीटवरच्या अशा आणखी तीन-चार जागा घ्या, ज्या शंभर वर्षांत हललेल्या नाहीत : दगडी पूल, देऊळ, त्रिकोणाची खूण असलेला डोंगरमाथा. प्रत्येकाचे आकडे दुरुस्ती न करता मोबाइलमध्ये घाला आणि टाचणी खऱ्या जागेपासून कोणत्या दिशेला, किती दूर पडते ते लिहून ठेवा. सगळ्याच जागा आग्नेयेकडे सुमारे तेवढ्याच सरकलेल्या दिसल्या, तर दोष डेटमचा. एक पूर्वेला, दुसरी उत्तरेला, तिसरी अगदी बरोबर, असं आलं तर वाचनात किंवा मोजण्यात गडबड आहे. मोबाइलची स्वतःची चूक उघड्या रानात काही मीटरांची असते आणि ती सतत दिशा बदलते. रोज न चुकता आग्नेयेलाच १३० मीटर पडेल अशी शिस्त तिला नसते.

कागद आकसला म्हणून फरक पडला असेल, हाही एक लाडका तर्क आहे. जुना कागद आकसतो हे खरं. पण त्याच्याबरोबर कडेवरच्या अंश-मिनिटांच्या खुणाही आकसतात. आपण खुणांच्या मधलं प्रमाण काढून वाचलं, तर बहुतेक फरक आपोआप मिटतो. आणि आकसण्याने सगळ्या जागा एकाच दिशेला सारख्या सरकत नाहीत.

आता सावधगिरीची बाब, कारण इथे जाणती माणसंही फसतात. दुरुस्ती उलट्या दिशेने लावली, तर फरक मिटत नाही, दुप्पट होतो. टोपोशीटचे आकडे मोबाइलमध्ये घालायचे असतील, तर आपल्या भागात अक्षांश वाढवायचा आणि रेखांश कमी करायचा. मोबाइलचे आकडे टोपोशीटवर मांडायचे असतील, तर नेमकं उलट. हे विसरून मोबाइलवर घेतलेली जागा जुन्या कागदावर तशीच मांडली, तर ती आग्नेयेला नाही, वायव्येला जाते. म्हणून एकाने सांगितलेली ‘दक्षिणेला सरकतं’ आणि दुसऱ्याने सांगितलेली ‘उत्तरेला सरकतं’ या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. फक्त दोघे विरुद्ध बाजूंनी निघालेले असतात.

दुसरी चूक म्हणजे एका ठिकाणचा फरक पाठ करून तो सगळीकडे लावणं. सरक किती आडवा होतो हे जागेवर अवलंबून आहे, हे वर आलंच. रत्नागिरीच्या आसपास दुरुस्तीशिवाय टाचणी सुमारे ११८ मीटर दक्षिणेला आणि ७१ मीटर पूर्वेला पडते. नागपुरात तीच ८२ मीटर दक्षिणेला आणि दीडशे मीटर पूर्वेला. दिल्लीत तर उत्तर-दक्षिण फरक जवळजवळ मिटतो, पण पूर्वेला सव्वाशे मीटर उरतात. पूर्वेकडे जावं तसा रेखांशाचा फरक वाढतो, कारण समुद्रातल्या त्या छेदबिंदूपासून आपण दूर जात असतो. मात्र एका टोपोशीटच्या आत, म्हणजे पंधरा मिनिटांच्या चौकोनात, फरक फारसा बदलत नाही. तेवढ्यापुरती एकच दुरुस्ती चालते.

टोपोशीट स्कॅन करून संगणकावर बसवणाऱ्यांसाठी दोन शब्द. चार कोपऱ्यांचे छापील आकडे देताना नकाशाचा डेटम विचारला जातो. तिथे सवयीने `EPSG:4326` निवडलं जातं, म्हणजे मोबाइलचा डेटम. मग अख्खी टोपोशीट विहिरीसकट आग्नेयेला जाते. भारताच्या कल्याणपूर डेटमसाठी `EPSG:4146` आहे. `EPSG:4240` च्या नावात ‘इंडियन’ असलं तरी तो थायलंडसाठी आहे. नावावर जाऊ नका. योग्य क्रमांक निवडल्यावरही एखादं देऊळ उपग्रहाच्या चित्राशी जुळवून पाहा, कारण काही वेळा संगणकाला रूपांतराचे आकडे सापडत नाहीत आणि तो काहीही न हलवता गप्प बसतो. हातातल्या जीपीएस यंत्रात स्वतःचा डेटम भरायची सोय असेल, तर २९५, ७३६, २५७ हे तिन्ही आकडे त्याच क्रमाने भरा आणि दोन्ही गोलांच्या त्रिज्येतला व चपटेपणातला फरकही भरा, नाहीतर उत्तर-दक्षिण दुरुस्ती चुकेल.

आणखी एका वाचकाचं पत्र याच टपालात आहे. त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकातला नकाशा आहे आणि त्यांची जागा १३० मीटर नाही, तब्बल सव्वाचार किलोमीटर पूर्वेला पडते. हे एव्हरेस्टच्या गोलाचं काम नाही. यात मद्रासच्या वेधशाळेचा हात आहे.

अक्षांश ताऱ्यांवरून त्या त्या ठिकाणी बऱ्यापैकी काढता येतो. रेखांशाला मात्र दोन ठिकाणच्या स्थानिक वेळेतला फरक लागतो. ग्रिनिचला अमुक वाजले असताना मद्रासला नेमके किती वाजले, हे कळलं की रेखांश कळला. भारतातले सगळे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर उभे होते, आणि तारायंत्र येण्यापूर्वी मद्रासची वेळ ग्रिनिचशी पक्की जुळवणं अवघड होतं. तारायंत्र आल्यावर जुना आकडा जास्त धरल्याचं दिसलं. १९०५ मध्ये सगळ्या रेखांशांतून २ मिनिटे २७.१८ सेकंद वजा करायचे ठरले. कल्याणपूरचाच रेखांश ७७ अंश ४१ मिनिटे ४४.७५ सेकंद होता, तो ७७ अंश ३९ मिनिटे १७.५७ सेकंद झाला. घड्याळाच्या भाषेत ही चूक जेमतेम पावणेदहा सेकंदांची. पण पृथ्वी चोवीस तासांत पूर्ण फिरते. आपल्या अक्षांशावर वेळेचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ४४० मीटर. त्या हिशोबाने सव्वाचार किलोमीटर.

त्यामुळे १९०५ च्या आधीच्या नकाशावर आधी समास वाचा. रेखांशातून किती वजा करायचं, याची सूचना तिथे छापलेली असू शकते. आधी ती वजाबाकी, नंतर एव्हरेस्टची दुरुस्ती. तुमची टोपोशीट ४७ एफ/१५ अशा क्रमांकाची आहे आणि फरक १३० मीटरचाच आहे, म्हणजे वजाबाकी तुमच्यासाठी आधीच झालेली आहे. ती पुन्हा केलीत, तर विहीर पश्चिमेला डोंगरात जाईल.

आता सगळ्या टोपोशीट अशाच असतात असंही नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुली अशी जी नवी मालिका काढली, ती मोबाइलच्याच डेटमवर आहे. तिच्यावरचे आकडे थेट घालता येतात. तिला सवयीने एव्हरेस्टची दुरुस्ती लावली, तर चांगली जागा बिघडेल. म्हणून कोणतीही टोपोशीट उघडली की समासात डेटमचं नाव शोधा. नवीन मालिकेत `WGS 84` लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल आणि कागद २००५ च्या आधीचा असेल, तर एव्हरेस्ट समजून चाला आणि दगडी पूल, देवळं यांवर ताडून घ्या.

जाता जाता तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल. तुम्ही लिहिता, ‘म्हणजे आमच्या सातबाऱ्याची हद्दही सरकवून धरायची का?’ मुळीच नाही. गावाचे जुने नकाशे साखळीने, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मोजून काढलेले आहेत. त्यांच्यावर अक्षांश-रेखांशच नसतात, त्यामुळे डेटमचा प्रश्नच उद्भवत नाही. टोपोशीटच्या दुरुस्तीलाही मर्यादा आहेत. वरचे तीन आकडे अख्ख्या देशासाठी काढलेले आहेत आणि त्यांच्यातच दहा-पंधरा मीटरची सैल जागा आहे. त्यात नकाशावर खूण काढताना झालेला फरक आणि तुमच्या पट्टीचा फरक मिळवला, तर दुरुस्त टाचणीभोवतीही तीस-चाळीस मीटरचं वर्तुळ धरावं लागतं. त्या वर्तुळात तुमची विहीर सापडेल. शेजाऱ्याच्या उसाशी बांधाचा वाद असेल, तर त्याच्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, टोपोशीट घरीच राहू द्या.